पुनरुज्जीवन करू नये : संमतीविना लिहिलेली एक नोंद

१/
२० ऑक्टोबर १९९८. इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथील सेंट मेरीज रुग्णालयात डेव्हिड ग्लास हा बारा वर्षांचा, तीव्र अपंगत्व असलेला मुलगा दाखल होता. आपले मत सांगणे त्याला शक्य नव्हते. त्याच्या वतीने बोलणारी होती त्याची आई.

२/
तो मरणपंथाला लागला आहे, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. आईला तो मान्य नव्हता. तिचा विरोध डावलून सायंकाळी डायमॉर्फिन सुरू करण्यात आले. हृदय वा श्वास थांबल्यास पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करू नयेत, अशी नोंदही कागदपत्रांत झाली. तिची कल्पना आईला देण्यात आली नव्हती.

३/
दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास मंदावलेला पाहून नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात वॉर्डातच हाणामारी झाली. पोलीस आले. त्या गोंधळात आईने स्वतःच मुलाला शुद्धीवर आणले. त्याची प्रकृती सुधारली आणि त्याच दिवशी तो घरी गेला.

४/
इंग्लंडमधील न्यायालयांत कुटुंबाला दाद मिळाली नाही. ९ मार्च २००४ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मात्र कलम ८चा, म्हणजे खासगी जीवनाच्या हक्काचा, भंग झाल्याचा निर्णय दिला. आईचा विरोध स्पष्ट असताना रुग्णालयाने आधी न्यायालयाकडे जावयास हवे होते, हे त्यामागील कारण. पोलिसांना बोलावण्याइतका वेळ होता, तर न्यायाधीशांकडे जाण्याइतका का नव्हता, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

५/
परंतु हा निकाल औषधापुरता होता. त्या गुप्त नोंदीचा स्वतंत्र विचार करण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही. वादाचा तो भाग दहा वर्षे तसाच राहिला.

६/
२०१४च्या ट्रेसी खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ठरविले, की अशी नोंद करण्यापूर्वी रुग्णाशी बोलणे हाच नियम असावा. मात्र ती रुग्ण बोलू शकत होती. न बोलू शकणाऱ्या रुग्णाचे काय, याचे उत्तर २०१५च्या विन्स्पिअर खटल्याने दिले.

७/
जानेवारी २०११. संडरलंडच्या रुग्णालयात सेरेब्रल पाल्सी असलेल्या २८ वर्षांच्या तरुणाच्या कागदपत्रांत पहाटे तीन वाजता हीच नोंद झाली. कुटुंबाशी सकाळी बोलावे, असा शेराही होता. आईने आक्षेप घेताच दुपारपर्यंत ती रद्द झाली. तरुण त्याच रात्री वारला, पण त्या नोंदीमुळे नव्हे. तरीही हक्कभंग झालाच, असे न्यायाधीशांनी म्हटले. पहाटे तीनला दूरध्वनी करणे गैरसोयीचे असेल, अशक्य नव्हते.

८/
या निकालांची मर्यादाही ध्यानात घ्यावी. निष्फळ वाटणारे उपचार करण्याची सक्ती त्यांनी डॉक्टरांवर केली नाही, की नातेवाइकांना नकाराधिकारही दिला नाही. निर्णय वैद्यकीयच राहिला. मात्र तो आधी सांगणे, रुग्णाला काय हवे असते हे त्याच्या माणसांना विचारणे, हे बंधन ठरले. नोंद चूक की बरोबर, हा एक प्रश्न. ती कुणाच्या पाठीमागे लिहिली गेली का, हा दुसरा. इतिहासात हे दोन प्रश्न वेगळे व्हायला सतरा वर्षे लागली.