नदीची वाळू, एम-सँड आणि खड्ड्यातील वाळू : गिलाव्याला कोणती, काँक्रीटला कोणती?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात घर बांधणाऱ्याच्या दारात आज तीन प्रकारचे ढीग येऊन पडतात. पहिला नदीच्या वाळूचा, दुसरा दगड फोडून केलेल्या एम-सँडचा आणि तिसरा जुन्या नदीकाठच्या थरांतून किंवा शेतातून खणून काढलेल्या वाळूचा. तिन्ही ढिगांना बाजारात सरसकट ‘वाळू’च म्हणतात; मात्र भिंतीवर आणि स्लॅबमध्ये त्या तीन वेगळ्या वस्तू ठरतात. चोर्ला घाटातून बेळगावकडचे बांधकाम साहित्य मागविणाऱ्या गोव्यातील घरमालकांनीही हा फरक जाणून घेण्यासारखा आहे.

या भागात चांगली नदीची वाळू दुर्मीळ का, याचे उत्तर भूगर्भात आहे. निपाणीभोवतालची जमीन दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाची आहे. या खडकात गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, स्फटिक जवळजवळ नसतात. तो झिजला की त्याची मुख्यतः काळी चिकण माती होते, टिकाऊ कण थोडेच उरतात. त्यामुळे वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या पात्रातील वाळूत गाळाचे प्रमाण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पूर्वेकडे गोकाकच्या बाजूला मात्र वालुकाश्म आणि क्वार्ट्‌झाइट यांचे खडक आहेत. तेथून वाहणाऱ्या घटप्रभेसारख्या नद्यांना कठीण, स्वच्छ कणांचा पुरवठा होऊ शकतो. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये लहान क्षेत्रातील वाळू उपशालाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरविली. त्यानंतर कायदेशीर वाळू आणखी आखडली आणि बेसॉल्ट फोडणाऱ्या क्रशरकडे बांधकामांचा ओढा वाढला.

एम-सँड आणि क्रशरची भुकटी या दोन गोष्टी एक नव्हेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. खडी फोडताना जी कच आणि डस्ट आपोआप खाली पडते, तिच्यात चपटे, सुईसारखे कण आणि बेसुमार भुकटी असते. खरी एम-सँड तयार करताना फोडलेली खडी पुन्हा उभ्या अक्षाच्या आघात यंत्रात टाकतात. तेथे दगडावर दगड आपटून कणांच्या कडा मोडतात आणि ते घनाकृती होतात. नंतर पाण्याने धुऊन किंवा हवेच्या झोताने जादा भुकटी काढली जाते. चिमूटभर माल तळहातावर घेतला की फरक कळतो. डस्टमध्ये पातळ पापुद्रे दिसतात. चांगल्या एम-सँडचे कण बाजरी-ज्वारीच्या दाण्यांसारखे सर्व बाजूंनी सारखे भासतात.

भारतीय मानक आयएस 383 (2016) काँक्रीटसाठी 75 मायक्रॉनहून बारीक अंश नदीच्या वाळूत 3 टक्क्यांपर्यंत, तर फोडलेल्या वाळूत 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेते. ही सवलत म्हणजे ढिलाई नव्हे. वाळूतील बारीक अंश बहुधा चिकण माती असतो. ती पाणी शोषून फुगते आणि सिमेंटची पकड तोडते. क्रशरमधील बारीक अंश दगडाचे पीठ असते आणि ते मर्यादेत असल्यास पोकळ्या भरून काढते.

म्हणूनच बाटलीची परीक्षा समजून घेतली पाहिजे. मोजपात्रात थोडे मीठ घातलेले पाणी 50 मिलिलीटरपर्यंत घ्यावे, वाळूची पातळी 100 वर येईल इतकी वाळू टाकावी, 150 पर्यंत पाणी भरून जोराने हलवावे आणि तीन तास स्थिर ठेवावे. वाळूवर बसलेल्या गाळाची जाडी वाळूच्या जाडीच्या 8 टक्क्यांहून अधिक नसावी, असा कामावरचा रूढ नियम आहे. नदीच्या व खड्ड्यातील वाळूला तो बरोबर लागू पडतो. एम-सँडमध्ये मात्र वरचा थर दगडाच्या पिठाचाही असू शकतो आणि परीक्षा फसवते. अशा वेळी तो थर वाळवून पाहावा. माती आक्रसते, तडकते आणि कडक होते. दगडाचे पीठ बोटाने सहज भुगा होते.

समजा, निपाणीजवळच्या एका घराच्या स्लॅबसाठी 1:1.5:3 या प्रमाणात काँक्रीट करावयाचे आहे. सिमेंटच्या 50 किलोच्या एका पोत्याला 25 लिटर पाणी धरले, तर पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.5 येते. एका पोत्यामागे वाळू साधारण 80 किलो लागते. ती पावसाने भिजलेली असून तिच्यात 5 टक्के ओल असेल, तर जवळपास 4 लिटर पाणी वाळूबरोबरच आत जाते. ते वजा न करता एम-सँडचा माल कोरडा व खरखरीत वाटतो म्हणून गवंड्याने आणखी एक-दोन लिटर ओतले, की गुणोत्तर 0.6 वर पोहोचते आणि ताकद पंधरा ते वीस टक्क्यांनी घटू शकते. एम-सँडच्या खडबडीत कणांना पाणी अधिक लागते हे खरे. पण ती गरज पाणी वाढवून भागवू नये. काँक्रीट सैल करणारे रसायन ठरलेल्या मात्रेत वापरावे.

ओल आणखी एका मार्गाने दगा देते. ओलसर वाळू फुगते. बारीक वाळूचे आकारमान 25 टक्क्यांपर्यंत वाढू शकते. गिलाव्यासाठी 1:4 म्हणून चार घमेली अशी फुगलेली वाळू घातली, तर खरी वाळू 3.2 घमेलीच पडते. सिमेंट अधिक झाल्याने पृष्ठभागावर केसासारख्या भेगा उमटतात. योग्य प्रमाणासाठी येथे पाच घमेली घ्यावी लागतील.

गिलाव्याचा निकषही निराळा आहे. काँक्रीटच्या मध्यम प्रतीच्या वाळूत (झोन दोन) 600 मायक्रॉनच्या चाळणीतून 35 ते 59 टक्के माल गेला पाहिजे. गिलाव्याच्या वाळूत, आयएस 1542 नुसार, 80 ते 100 टक्के. म्हणजे स्लॅबची एम-सँडच भिंतीला लावली, तर गिलावा खरबरीत होतो, थापी ओढते आणि गवंडी पुन्हा पाणी मारून सिमेंट वर काढतो. त्यासाठी वेगळी, बारीक पी-सँड मागवावी. चांगली नदीची वाळू असेल, तर ती चाळून गिलाव्यासाठी राखून ठेवावी आणि काँक्रीटला एम-सँड वापरावी, ही विभागणी सर्वांत शहाणपणाची.

खड्ड्यातील वाळूचे कण टोकदार असल्याने पकड उत्तम असते. परंतु तांबूस किंवा पिवळसर रंग दाखवतो की कणांवर लोहयुक्त मातीचा लेप आहे. दोन-तीन वेळा धुऊनही पाणी गढूळ येत असेल, तर तो माल स्लॅबला वर्ज्य समजावा. पायाच्या भरावापुरताच ठेवावा. शेतातील माती धुऊन काढलेली ‘फिल्टर’ वाळू याच वर्गातील, आणि कायद्यालाही नामंजूर.

गोव्यातील खाडीमुखाजवळची वाळू वापरताना याच्या जोडीला मिठाचा प्रश्न असतो. त्यातील क्लोराइडने सळ्या गंजतात, म्हणून स्लॅबसाठी ती न धुता कधीही घेऊ नये. बेसॉल्टच्या एम-सँडला हा दोष नसतो. मात्र तो खडक जड असल्याने तीच एक ब्रास एम-सँड नदीच्या वाळूपेक्षा वजनाला अधिक भरते. टनाचा आणि ब्रासचा भाव ताडून पाहताना हे विसरले, तर हिशेब ट्रक रिकामा होण्यापूर्वीच चुकतो.