वाडीचं मत

आमचे आजोबा, आबा, लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. १९५२ च्या सुरुवातीला पहिली सार्वत्रिक निवडणूक आमच्या भागात आली, तेव्हा शेजारच्या गावच्या केंद्रावर त्यांची नेमणूक झाली. त्या निवडणुकीच्या गोष्टी त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितल्या की त्या खोलीत मीच उभा होतो असं वाटतं. मतपत्रिकेवर कुणाचंच नाव नव्हतं. एक रुपयाच्या नोटेएवढा कागद, आणि आडोशाआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर चिन्ह डकवलेलं. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही कुणाला न विचारता मत देता यावं, म्हणून सुकुमार सेन यांच्या आयोगाने ही पद्धत आणली होती. आबा सांगत, काही बाया पेटीला नमस्कार करून मगच कागद आत टाकत.

पण आबांना त्या पद्धतीचं दुखणंही माहीत होतं. आडोशाआड गेलेला माणूस कागद पेटीत न टाकता कनवटीला लावून बाहेर आला, तर कुणाला कळणार? कागदावर खूण नसल्याने तो कुणाच्याही हाती चालायचा. बाहेर असे कागद विकत घेणारा बसायचा आणि शेवटी त्याचाच एक माणूस आत जाऊन सगळे एका पेटीत सोडायचा. हे रोखायला आयोगाने पेट्याच बदलल्या. आधी केरळ आणि ओरिसातल्या मध्यावधी निवडणुकांत, मग १९६२ मध्ये बहुतेक देशात सगळ्या उमेदवारांची चिन्हं एकाच मतपत्रिकेवर छापली गेली आणि हातात शिक्का आला.

या गोष्टी पुन्हा निघाल्या २०२४ च्या विधानसभेच्या निकालानंतर. पुतण्याने पहिल्यांदाच मत दिलं होतं. त्याने मोबाइलवर आमच्या मतदारसंघाचा केंद्रनिहाय तक्ता काढला आणि ओट्यावर बसून वाडीचे आकडे मोठ्याने वाचले. अमक्याला एवढी, तमक्याला एवढी. मग त्याने विचारलं, "मत गुप्त असतं म्हणता, मग हे काय?"

सरपंच राहिलेले भीमाकाका लगेच म्हणाले, "गुप्त कसलं! यंत्राला सगळं ठाऊक असतं. कुणी कितवं बटण दाबलं, वहीशी लावलं की झालं."

काकांचं अर्धं बरोबर होतं. केंद्रावरच्या नोंदवहीत मतदार आले त्या क्रमाने नोंदले जातात खरे. पण ती वही मतदानानंतर मोहोरबंद होते आणि न्यायालयाच्या किंवा तसा अधिकार असलेल्यांच्या हुकमाशिवाय उघडत नाही. मोजणीत निकालाचं बटण दाबलं की यंत्र फक्त बेरीज दाखवतं. एकट्या माणसाचं मत त्यातून फुटत नाही. फुटतं ते वाडीचं. आमच्या केंद्रावर जेमतेम चारशे मतदार, तेही एकाच वस्तीतले. समजा तीनशे ऐंशी मतं पडली आणि त्यातली तीनशे हरलेल्याला गेली, तर निवडून आलेल्याला वस्तीचं नाव वेगळं विचारावं लागत नाही.

"माझं मत तर दुसरीनंच दिलं होतं," आत्या मध्येच म्हणाली. तिला प्रश्न वेगळाच ऐकू आला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी ती केंद्रावर गेली, तर तिच्या नावापुढे आधीच सही झालेली. तिने वाद घातला तेव्हा अधिकाऱ्याने तिची ओळख तपासून कागदी मतपत्रिका दिली. ती वेगळ्या पाकिटात गेली. ते प्रदत्त मत. "मोजलं का?" पुतण्याने विचारलं. एरवी मोजत नाहीत. प्रकरण न्यायालयात गेलं आणि तिथे गरज पडली, तरच पाकीट उघडतं. आत्याला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि ती बराच वेळ गप्प बसली.

मी शिक्षक असताना १९९६ मध्ये मोजणीच्या कामावर होतो. तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या. आधी प्रत्येक पेटीतले कागद नुसते मोजून केंद्राच्या हिशेबाशी जुळवायचे, मग अनेक केंद्रांच्या गड्ड्या पिंपात टाकून मिसळायच्या आणि त्यानंतर उमेदवारवार लावायच्या. कुठल्या वाडीने काय केलं, हे टेबलावर बसलेल्या आम्हालाही कळत नसे. जिथे मतदारांना धाक दाखवला जाण्याची भीती असेल, तिथे मतपत्रिका अशा मिसळायला लावण्याचा अधिकार नियम ५९-अ ने आयोगाला दिलेला होता.

यंत्राने कितीतरी गोष्टी सुधारल्या. बाद मतं गेली, शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडण्याचे वाद गेले. २००४ ची लोकसभा सगळीकडे यंत्रावर झाली. पण प्रत्येक यंत्र आपला निकाल वेगळा दाखवतं, त्यामुळे पिंपही गेलं. त्याच्या जागी टोटलायझर नावाचं साधन तयार झालं. चौदापर्यंत केंद्रांची यंत्रं त्याला एकत्र जोडायची आणि फक्त एकूण बेरीज घ्यायची. चौदा केंद्रांची मिळून समजा आठ हजार मतं. त्यात आमच्या तीनशे ऐंशींचा माग कुणाला लागणार?

"मग आयोग ते वापरत का नाही?" पुतण्याचा हा प्रश्न सगळ्यात नेमका होता. काकांचा समज असा की आयोगाच्या मनात आलं की झालं. पण निवडणूक घेण्याचे नियम करतं केंद्र सरकार. १९५१ च्या कायद्याने आयोगाचा सल्ला घ्यावा लागतो, पण सही सरकारची. टोटलायझर वापरता यावं म्हणून आयोगाने २००८ मध्येच नियम ६६-अ बदलायला सुचवलं. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात तीच शिफारस केली. सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. कुठे कमी पडलो, कुठे जास्त काम करायला हवं हे केंद्रनिहाय आकड्यांवरून पक्षांना कळतं, असं त्याचं म्हणणं होतं. मला हे पटत नाही. २०१९ च्या प्रचारात उत्तर प्रदेशात एका उमेदवाराने भर सभेत सांगितलं होतं की मतांच्या टक्क्यावरून गावांची प्रतवारी होईल आणि कामं त्या क्रमाने होतील. आयोगाने त्या उमेदवाराला ताकीद दिली. ताकीद मिळाली तरी तक्ता तिथेच राहिला.

पण पुतण्याने मला एका जागी अडवलं. मारकडवाडीची बातमी ताजी होती. माळशिरस तालुक्यातल्या त्या गावाला आपल्याच केंद्रांचे आकडे पटले नाहीत, म्हणून त्यांनी डिसेंबरात कागदावर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं आणि प्रशासनाने जमावबंदी लावली. "आकडे मिसळले असते तर त्यांना शंका घ्यायलाही जागा नव्हती," तो म्हणाला. आणि प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राशी पडताळतात, त्या कशाशी पडताळायच्या?

चिठ्ठ्यांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, काकांकडेही नव्हतं. पहिल्याचं निम्मं उत्तर आहे. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष १७ सी नमुन्यात एकूण किती मतं पडली ते लिहितो आणि हजर प्रतिनिधींना त्याची प्रत देतो. एकूण आकडा जुळवायला तेवढं पुरतं. कुणाला किती हे मात्र त्यातून ताडता येत नाही, आणि गावाची शंका नेमकी तिथेच होती.

तरीही मला विचाराल तर लहान वस्तीची भीती मला जास्त खरी वाटते, कारण ती निकालानंतर पाच वर्षं टिकते. आमच्या वाडीचा रस्ता अशाच एका निकालानंतर कागदावर राहिला. पुढच्या वेळी उमेदवार ओट्यावर येतील, तेव्हा रस्त्याबरोबर त्यांना हेही विचारा: नियम ६६-अ बदलायला तुमचा पक्ष तयार आहे का?