सतार : पडदे आणि तरफा

हिंदुस्थानी संगीतातील पडद्यांचे तंतुवाद्य. उजव्या हाताच्या तर्जनीत तारेची नखी (मिझराब) घालून ते छेडतात. डाव्या हाताच्या बोटांनी तार पडद्यावर दाबून, आणि दाबलेली तार आडवी ओढून, स्वर काढतात. सरकते पडदे आणि त्यांच्याखालून जाणाऱ्या तरफा ही सतारीची दोन मुख्य लक्षणे होत. ही दोन्ही अंगे रागाप्रमाणे जुळवून घ्यावी लागतात.

उत्पत्ती. नाव ‘सेहतार’, म्हणजे तीन तारांचे, या फार्सी शब्दावरून आले. जनकत्व अमीर खुसरो यांना देण्याची परंपरा आहे. मात्र अलीकडील अभ्यासकांचा कल ते अठराव्या शतकात दिल्लीत असलेल्या खुसरो खाँ यांना देण्याकडे दिसतो. तरफांची जोड पुढे एकोणिसाव्या शतकात मिळाली. सारंगीला त्या आधीपासून होत्या.

घडण. खाली कडू भोपळ्याचा तुंबा, त्यावर पातळ लाकडाची तबली आणि वर तून किंवा सागवानाची पोकळ दांडी अशी ही रचना असते. काही सतारींना दांडीच्या वरच्या टोकाला दुसरा लहान भोपळा लावतात. वाजवायच्या तारा सहा किंवा सात असून त्यांत चिकारीच्या तारा येतात. त्या तबलीवरच्या रुंद घोडीवरून जातात. तरफा बहुधा अकरा किंवा तेरा असतात. त्यांच्या खुंट्या दांडीच्या बाजूला ओळीने बसवतात. दांडीच्या माथ्यावरील बारीक छिद्रांतून वर येऊन त्या पडद्यांखालून धावतात आणि मोठ्या घोडीपुढच्या लहान घोडीवर टेकतात.

पडदे. पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे, कमानीसारखे वाकवलेले. दांडीच्या दोन्ही कडांना टेकून ते मध्ये उचललेले राहतात. कमानीमुळे खालून तरफांना वाट मिळते आणि वर तार आडवी ओढायला जागा होते. पडदा दांडीला डकवलेला नसतो, दोऱ्याने आवळून बांधलेला असतो. हा दोरा पूर्वी रेशमाचा किंवा आतड्याचा असे, आता बहुधा नायलॉनचा असतो.

प्रचलित सतारीवर एकोणीस किंवा वीस पडदे असतात. बाजाची, म्हणजे मुख्य, तार मंद्र मध्यमात लावतात. वीस पडद्यांच्या सतारीवर मंद्र सप्तकात दोन्ही धैवत आणि दोन्ही निषाद, मध्य सप्तकात दोन्ही गंधार, दोन्ही मध्यम आणि दोन्ही निषाद यांना स्वतंत्र पडदे असतात. मध्य व तार सप्तकातील रिषभ आणि मध्य सप्तकातील धैवत यांना मात्र एकेकच पडदा असतो. त्यामुळे यमनासाठी काहीच हलवावे लागत नाही. भैरवासाठी तीन पडदे सरकवावे लागतात.

पडदा किती सरकवायचा हे मोजता येते. वरच्या आडपट्टीपासून घोडीपर्यंत मोकळी तार ८८ सेंटिमीटर धरली, तर मध्य षड्जाच्या पडद्यापासून घोडीपर्यंत सुमारे ५८.७ सेंटिमीटर उरतात. तेथून शुद्ध रिषभ ५२.१ वर आणि कोमल रिषभ ५५ वर येतो. म्हणजे भैरवासाठी रिषभाचा पडदा षड्जाकडे जवळजवळ ३ सेंटिमीटर सरकतो. धैवताचा आणि तार रिषभाचा पडदा त्याच्या साधारण निम्मा, सुमारे दीड सेंटिमीटर सरकतो. तार दाबली की ती ताणली जाऊन स्वर थोडा चढतो, म्हणून ही मापे केवळ अंदाजापुरती. पडद्याची शेवटची जागा कानच ठरवतो.

जागा ठरवताना वादक आणखी एक गोष्ट सांभाळतो. मींड तार ओढून काढतात आणि तार ओढल्याने स्वर फक्त चढतो. उतरती मींड हवी असेल तर तार आधी ओढून ठेवावी, मग छेडावी आणि सोडत यावी. त्यामुळे थोडा उतरलेला पडदा वादनात सावरता येतो, चढलेला येत नाही. दरबारीचा अतिकोमल गंधार हे याचे ठळक उदाहरण. तो पडदा नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा किंचित खाली सरकवून बांधतात आणि आंदोलनासाठी लागणारी चढण बोट देते. तो नेमका किती खाली असावा याबद्दल घराण्याघराण्यांत एकमत नाही.

दोरा सैल झाला की पडदा मींडेबरोबर सरकतो आणि एकाच बैठकीत तोच स्वर पुढे पुढे बेसूर होत जातो. एखादा पडदा शेजारच्यापेक्षा उंच बसला तर त्याच्या आधीच्या पडद्यावर दाबलेली तार त्याला घासून खरखरते.

तरफा. या छेडायच्या नसतात. मुख्य तारेचा स्वर घोडी आणि तबलीमार्फत त्यांच्यापर्यंत पोचतो, आणि त्या स्वरात, किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या उपस्वरात, लावलेली तरफ आपोआप कंप पावते. नखीने छेडलेला स्वर लवकर विरतो. तरफा त्याला शेपूट देतात.

तरफा रागाच्याच स्वरांत लावतात, त्यामागे कारण आहे. भैरव वाजवताना पडदे हलवले, पण रिषभाची तरफ शुद्धच राहिली असे समजा. कोमल रिषभाला मग कोणतीच तरफ नीट उत्तर देत नाही आणि तो स्वर शेजारच्या षड्जापेक्षा कोरडा वाटतो. एवढ्यावर भागत नाही. पंचमाचा तिसरा उपस्वर आणि शुद्ध रिषभाचा चौथा उपस्वर एकच असल्यामुळे, पंचम वाजताच ती न उतरवलेली तरफ जागी होते आणि रागात नसलेला शुद्ध रिषभ मागे पुसटसा तरळतो. श्रोत्याला दोष सांगता येत नाही, पण राग मळका वाटतो.

पारख सोपी आहे. पडद्यावर स्वर जोरात छेडून लगेच मुख्य तारा तळहाताने दाबाव्यात. तोच स्वर मागे स्वच्छ उरला तर तरफ लागलेली आहे. काहीच उरले नाही किंवा लहरत उरले तर नाही. वादक उजव्या करंगळीचे नख वाढवतात ते तरफांसाठीच. पडद्यांमधून नख घालून तरफ वेगळी छेडून पाहता येते आणि आलापाआधी साऱ्या तरफांवरून एक झंकारही फिरवता येतो.

जवारी. घोडीचा माथा सपाट नसतो. कानसीने घासून त्याला अगदी सौम्य उतार देतात. तार कंप पावताना त्या उताराला पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि उपस्वर उजळतात. तरफांना जागे करणारे खाद्य तेच. तंबोरा व वीणा यांच्या घोड्यांचे हे वैशिष्ट्य चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास तपासले. उपस्वर जास्त फुटतात ती खुली जवारी, पंडित रविशंकर यांच्या धाटणीची. आवाज आवळून घेते ती बंद जवारी, उस्ताद विलायत खाँ यांच्या धाटणीची. तारेने माथ्यावर चर पडला की आवाज बसतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते.

मिरज. सतार व तंबोऱ्याच्या घडणीचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी येथे या व्यवसायाची सुरुवात केली असे सांगतात. शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. भोपळे मंगळवेढा–पंढरपूर भागातून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

अचल ठाट. प्रत्येक स्वराला स्वतंत्र पडदा असलेली सतार. सरकवणे वाचते, पण पडदे दाटल्याने मींडेला अडचण होते. आता विरळ.