पुण्यातली शेती नेमकी कशात बदलली? दोन वर्षांच्या नकाशांचं 'चेंज मॅट्रिक्स' असं वाचा

'गेल्या पंधरा वर्षांत या भागातली झाडी अजिबात कमी झालेली नाही.' असं विधान आकडेवारीच्या दृष्टीने बरोबर असू शकतं आणि तरीही त्या भागातली एक तृतीयांश जुनी झाडी नाहीशी झालेली असू शकते.

हे कसं शक्य आहे? दोन्ही वर्षांच्या फक्त बेरजा पाहिल्या, तर कोणत्या जमिनीचं काय झालं हे कळत नाही. त्यासाठी एक साधा तक्ता वापरतात. त्याला चेंज मॅट्रिक्स, म्हणजे बदलाचा तक्ता, असं म्हणतात. पुण्यासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या शहराबद्दल काही ठाम म्हणायचं असेल, तर तो वाचता यायला हवा.

लँड कव्हर नकाशा म्हणजे काय?

उपग्रहाने टिपलेली प्रतिमा लहान-लहान चौकोनांची बनलेली असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. सेंटिनल-2 या युरोपीय उपग्रहाचा पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे साधारण एक गुंठ्याचा असतो. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा पिक्सेल 30 मीटर बाय 30 मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा.

प्रत्येक पिक्सेलमधून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून संगणक ठरवतो की तिथे पीक आहे, झाडं आहेत, मोकळी जमीन आहे, पाणी आहे की बांधकाम. हाच लँड कव्हर नकाशा.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. सातबाऱ्यावर जमीन शेतीची असू शकते, विकास आराखड्यात तिच्यावर उद्यानाचं आरक्षण असू शकतं आणि प्रत्यक्षात तिथे पत्र्याची गोदामं असू शकतात. लँड कव्हर नकाशात फक्त गोदामं दिसतात. कागदावरचा वापर त्याला कळत नाही.

तक्ता तयार कसा होतो?

एकाच भागाचे दोन वर्षांचे नकाशे एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक पिक्सेलला दोन प्रश्न विचारायचे: तू आधी काय होतास आणि आता काय आहेस?

क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे एका ओळीत होतं. समजा, दोन्ही नकाशांत शेतीला 1, झाडीला 2, मोकळ्या जमिनीला 3 आणि बांधकामाला 4 असे क्रमांक दिले आहेत. मग रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये असं लिहायचं:

```
"juna@1" * 10 + "nava@1"
```

उत्तर 11 आलं तर शेतीची शेतीच राहिली. 14 आलं तर शेतीवर बांधकाम झालं. 32 म्हणजे मोकळ्या जमिनीवर झाडी आली. नंतर `Raster layer unique values report` हे साधन प्रत्येक क्रमांकाचं क्षेत्र मोजून देतं. ते आकडे रांगा-रकान्यांत मांडले की तक्ता तयार.

एक उदाहरण: शहराच्या कडेचे 1000 हेक्टर

समजा, पुण्याच्या पूर्वेला शहराच्या कडेवर 1000 हेक्टरचा एक पट्टा आहे. (खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष गावाचे नाहीत.) रांगेत पहिल्या वर्षाची स्थिती आहे, रकान्यात दुसऱ्या वर्षाची. आकडे हेक्टरमध्ये.

| आधी ↓ / नंतर → | शेती | झाडी | मोकळी जमीन | बांधकाम | आधीची बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| शेती | 310 | 40 | 100 | 50 | 500 |
| झाडी | 20 | 100 | 20 | 10 | 150 |
| मोकळी जमीन | 30 | 10 | 60 | 100 | 200 |
| बांधकाम | 5 | 0 | 5 | 140 | 150 |
| नंतरची बेरीज | 365 | 150 | 185 | 300 | 1000 |

आधी तिरक्या रेषेतले आकडे पाहा: 310, 100, 60 आणि 140. ही न बदललेली जमीन. तिची बेरीज 610 हेक्टर. म्हणजे 390 हेक्टर बदलली, 39 टक्के.

आता फक्त बेरजा पाहा. शेती 135 हेक्टरने घटली, मोकळी जमीन 15 ने घटली, बांधकाम 150 ने वाढलं. नुसत्या बेरजांवरून बदल 150 हेक्टरचा, म्हणजे 15 टक्केच, वाटतो. उरलेला 240 हेक्टरचा बदल बेरजांमध्ये दिसतच नाही, कारण एका ठिकाणी गेलेलं दुसऱ्या ठिकाणी भरून निघालं.

झाडीची गोष्ट इथेच दडलेली आहे. आधी 150, नंतरही 150. पण जुन्या झाडीपैकी 50 हेक्टर गेली आणि तेवढीच नवी झाडी दुसरीकडे आली, त्यातली बहुतेक पूर्वीच्या शेतीवर. टेकडीवरची जुनी झाडी आणि बांधावरची किंवा सोसायटीतली नवी लागवड नकाशात एकाच रंगाची दिसते. तुमच्या जवळच्या टेकडीवरची झाडी गेली असेल, तर ती दुसऱ्या गावात 'भरून निघाली' हे बेरजेला पटतं, त्या टेकडीवरच्या पक्ष्यांना नाही.

टक्केवारी कशाची, हे विचारा

याच तक्त्यातून दोन अगदी वेगळे मथळे निघू शकतात.

रांगेतून वाचलं तर: 500 हेक्टर शेतीपैकी फक्त 50 हेक्टरवर बांधकाम झालं, म्हणजे 10 टक्के. रकान्यातून वाचलं तर: नव्या 160 हेक्टर बांधकामापैकी 50 हेक्टर शेतीवर आलं, म्हणजे जवळपास 31 टक्के. दोन्ही बरोबर आहेत, पण पहिल्यात शेतीचं काय झालं हे कळतं आणि दुसऱ्यात बांधकाम कुठून आलं हे. बातमीत नुसती टक्केवारी असेल, तर ती कशाच्या तुलनेत आहे हे आधी पाहायला हवं.

'इमारती पडीक जमिनीवर झाल्या' हे खरं आहे का?

तक्ता सांगतो की सर्वाधिक नवं बांधकाम, 100 हेक्टर, मोकळ्या जमिनीवर झालं. मग शेतीचं फारसं नुकसान झालं नाही असं म्हणायचं का?

घाई नको. त्याच तक्त्यात शेतीची 100 हेक्टर जमीन मोकळी झालेली दिसते. पुण्याच्या कडेवर हे नेहमी घडतं. जमीन विकली जाते, पेरणी थांबते, एनए आणि प्लॉटिंगची प्रक्रिया सुरू होते आणि इमारत उभी राहीपर्यंत काही वर्षं ती जमीन तशीच पडून राहते. पहिला नकाशा या मधल्या काळातला असेल, तर ती 'मोकळी' म्हणून नोंदवली जाते आणि नंतरचं बांधकाम शेतीच्या खात्यावर येत नाही.

दोन नकाशे फक्त सुरुवात आणि शेवट दाखवतात, मधला प्रवास नाही. त्यामुळे मधल्या वर्षाचा आणि शक्य असल्यास आणखी जुना नकाशा घ्यावा लागतो. शेती, मग मोकळी, मग बांधकाम अशी साखळी तेव्हाच दिसते.

फसवे बदल कसे ओळखायचे?

तक्त्यातला प्रत्येक बदल जमिनीवर झालेला असतोच असं नाही. काही बदल फक्त नकाशात होतात.

शेवटच्या रांगेत बांधकामाचे 10 हेक्टर शेती किंवा मोकळी जमीन झालेले दिसतात. इमारत पाडून तिथे शेती सुरू होणं दुर्मीळ आहे. असा आकडा मोठा आला, की वर्गीकरणात चूक आहे हे समजावं. नांगरलेलं रान, उघडा काळा खडक आणि काँक्रीट यांचा परावर्तित प्रकाश बराच सारखा असतो, त्यामुळे संगणक त्यांच्यात गोंधळतो.

दुसरं कारण ऋतूचं. पुण्यातल्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर हिरवं गवत असतं, तेच फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाळून पिवळं पडतं. एक नकाशा ऑक्टोबरचा आणि दुसरा मार्चचा असेल, तर एकही झाड न तोडता टेकड्या 'उजाड' दिसतील. खडकवासल्याचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकलं, की 'पाण्याची मोकळी जमीन झाली' असंही दिसेल. म्हणून दोन्ही प्रतिमा एकाच महिन्याच्या आसपासच्या हव्यात. जून ते सप्टेंबरमध्ये ढगांमुळे चांगल्या प्रतिमा क्वचितच मिळतात.

तिसरं, नकाशे एकमेकांवर नीट बसलेले नसतील तर रस्ते आणि नदीच्या कडेने बदलाच्या बारीक, लांब रेषा उमटतात. बदल फक्त मुळा-मुठेच्या काठाने सरळ पट्टीसारखा दिसत असेल, तर आधी नकाशांची जुळणी तपासावी.

चौथं, दोन्ही नकाशांची पद्धत एकच हवी. युरोपियन स्पेस एजन्सीचे 'वर्ल्डकव्हर' नकाशे 2020 आणि 2021 या वर्षांसाठी मोफत मिळतात. पण दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीने तयार केले आहेत, त्यामुळे त्यांच्यातल्या फरकात पद्धतीचा फरकही मिसळलेला आहे, असं एजन्सीच सांगते. त्यांची जागतिक अचूकता अनुक्रमे 74.4 आणि 76.7 टक्के आहे. दोन्हींतल्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र मानल्या, तर दोन्ही वर्षी बरोबर असलेले पिक्सेल साधारण 57 टक्केच उरतात.

म्हणून तक्ता झाल्यावर पडताळणी करावी लागते. 'शेतीचं बांधकाम' दाखवणाऱ्या भागातून, उदाहरणार्थ, 50 ठिकाणं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची आणि गुगल अर्थ प्रोवरच्या जुन्या प्रतिमांशी ताडून पाहायची. त्यातल्या 35 ठिकाणीच बदल खरा निघाला, तर त्या चौकटीतला आकडा जसाच्या तसा छापता येत नाही. न बदललेल्या भागातलीही काही ठिकाणं तपासावी लागतात, कारण नकाशातून खरे बदल निसटूनही जातात.

कुठलं पुणे मोजलं?

पुण्यासाठी आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे. महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली. पुढे 2024 मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर पडली. 2015 ची आकडेवारी तेव्हाच्या हद्दीची आणि 2022 ची नव्या हद्दीची घेतली, तर शहरातली शेती आणि झाडी 'वाढलेली' दिसेल. वाढली असेल ती फक्त हद्द. दोन्ही नकाशे एकाच हद्दीत कापलेले असले, तरच त्यांचा तक्ता बनतो.

म्हणून 'पुण्याचं हरित क्षेत्र इतकं वाढलं' किंवा 'घटलं' असं वाचाल, तेव्हा तीन गोष्टी शोधा: हद्द कोणत्या वर्षाची, प्रतिमा कोणत्या महिन्यांच्या आणि नुसत्या बेरजांबरोबर पूर्ण तक्ता दिला आहे का. तक्ता असेल, तर थेट झाडीच्या रांगेकडे जा. किती झाडी गेली आणि तिच्या जागी काय आलं, हे तिथेच लिहिलेलं असतं.