सोळा टक्के, पण कशाचे?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक मालिका तयार करत होते. सरकारने ज्यांच्या किमती बांधून दिल्या आहेत अशी औषधं कंपन्यांकडून दुकानदाराला कोणत्या भावाने मिळत होती, आणि १९९५ पासून तो भाव कसा बदलत गेला, हे मला पाहायचं होतं. अडचण अशी की राजपत्रात छापून येते ती ग्राहकाने द्यायची किंमत. दुकानदाराचा खरेदी भाव तिच्यातून उलटा काढावा लागतो. माझ्या वहीत नोंद होती: दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के, १९९५ च्या आदेशातही आणि २०१३ च्या आदेशातही. मग काय, एक्सेलच्या रकान्यात सगळ्या किमतींना 0.84 ने गुणलं आणि पुढे गेले.

काही महिन्यांनी पडताळणी करायला बसले. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, कमाल किंमत ठरवताना केलेली आकडेमोड प्रसिद्ध करतं. तिच्यात दुकानदाराच्या खरेदी भावाची सरासरीही दिलेली असते. माझे २०१३ नंतरचे आकडे त्या सरासरीला जुळेनात. सगळेच थोडे कमी येत होते. मी प्रत्येक औषधासाठी माझा आकडा भागिले त्यांचा आकडा असं गुणोत्तर काढलं. पहिलं 0.9744. दुसरंही 0.9744. दहावंही तेच.

मी मूळची रसायनशास्त्राची. चुका विखुरलेल्या असतील तर आपण नशिबाला दोष देतो. पण प्रत्येक वाचन एकाच प्रमाणात चुकत असेल तर तराजू तपासायला हवा, हे प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. इथे तराजू म्हणजे माझं 0.84. ते चुकीचं का होतं हे समजून घ्यायचं तर या आदेशांच्या इतिहासात थोडं मागे जावं लागतं.

औषधांच्या किमतींवर सरकार जे नियंत्रण ठेवतं ते अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली काढलेल्या आदेशांमधून. त्यांना डीपीसीओ म्हणतात. हाथी समितीचा अहवाल १९७५ साली आला, त्यानंतर १९७८ चं औषध धोरण ठरलं आणि पाठोपाठ १९७९ चा डीपीसीओ निघाला. त्यातली पद्धत साधी होती: कच्च्या मालाचा, औषध तयार करण्याचा आणि वेष्टनाचा खर्च एकत्र करायचा, त्यावर ठरावीक टक्के चढवायचे आणि वर अबकारी कर धरायचा. या चढवलेल्या टक्क्यांना आदेशात ‘मार्कअप’ हाच शब्द होता. पहिल्या वर्गातल्या औषधांना ४० टक्के, दुसऱ्याला ५५, तिसऱ्याला १००.

इथे जरा थांबा. ४० टक्के ऐकून ‘बरीच सूट दिली की’ असं वाटतं. पण हे ४० टक्के खर्चाचे आहेत. खर्च १०० रुपये असेल तर किंमत १४०, आणि त्या १४० मध्ये वरच्या ४० चा वाटा साधारण २८.६ टक्के. औषध कारखान्यातून निघून गिऱ्हाईकाच्या हातात पडेपर्यंत जो जो मध्ये येतो, घाऊक व्यापारी, दुकानदार, कंपनीचे विक्री प्रतिनिधी आणि खुद्द कंपनीचा नफा, त्या सगळ्यांचं याच ४० मध्ये भागवायचं. म्हणून पहिल्या वर्गातली औषधं बनवायला कंपन्या नाखूश होत्या. दुसऱ्या टोकाला १०० टक्के मार्कअप म्हणजे विक्री किमतीचा निम्मा भाग, जास्त नाही. ‘शंभर टक्के नफा’ असे मथळे वाचताना हे लक्षात ठेवा. ती रक्कम नफा नव्हती आणि किमतीच्या शंभर टक्के तर असूच शकत नव्हती.

१९८७ च्या आदेशात ‘मार्कअप’ हा शब्द गेला. त्याच्या जागी ‘कमाल अनुज्ञेय उत्पादनोत्तर खर्च’ असं लांबलचक नाव आलं, मेप या आद्याक्षरांनी ओळखलं जाणारं. नाव बदललं तरी हिशेब तोच राहिला, खर्चावर टक्के चढवण्याचा. १९९५ च्या आदेशात देशात बनणाऱ्या नियंत्रित औषधांसाठी मेपची मर्यादा १०० टक्के होती.

माझ्यासारख्यांचा पाय घसरतो तो याच आदेशात. किंमत ठरवण्याचं कलम खर्चापासून वर जातं. पण पुढे दुकानदाराला माल कोणत्या भावाने द्यायचा ते सांगणारं कलम १९ आहे, आणि ते किमतीपासून खाली येतं: अबकारी वगळून किरकोळ किंमत, वजा तिचे सोळा टक्के. म्हणजे एकाच आदेशात दोन टक्केवाऱ्या, एक खर्चाची, एक किमतीची. उदाहरणच घ्या. एका पत्त्याचा उत्पादन खर्च ५० रुपये. त्यावर १०० टक्के मेप, म्हणून किरकोळ किंमत १००. दुकानदाराला तो पत्ता १०० वजा १६, म्हणजे ८४ रुपयांना. उरलेले ३४ रुपये घाऊक व्यापारी, वाहतूक, जाहिरात आणि कंपनी यांच्यात वाटले जाणार.

असं दुहेरी का? मला वाटतं, कागद कोणाच्या टेबलावर आहे त्यावर ते ठरतं. कंपनीचा लेखापाल खर्चाच्या तक्त्यापासून सुरुवात करतो, म्हणून त्याला वर चढवणं सोयीचं. दुकानदाराच्या हातात पत्ता येतो तो एमआरपी छापूनच. त्याला त्यात काही मिळवता येत नाही, फक्त त्यातून आपला वाटा मोजता येतो. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांना मी एकदा विचारलं, ‘तुम्ही खरेदीवर किती टक्के लावता?’ ते हसले. ‘लावतो कुठे? छापलेल्यातनं सुटतं किती, ते बघतो.’

आता २०१३. डिसेंबर २०१२ मध्ये नवं धोरण आलं आणि खर्चाधारित पद्धत बाजूला पडली. कंपनीचा खर्च किती, हे सरकारने विचारायचंच नाही असं ठरलं. त्याऐवजी एका औषधाचे बाजारातले ज्यांचा वाटा एक टक्का किंवा जास्त आहे असे सगळे ब्रँड घ्यायचे, ते दुकानदाराला ज्या भावाने मिळतात त्या भावांची साधी सरासरी काढायची आणि तिच्यावर दुकानदाराचं मार्जिन चढवायचं. मे २०१३ च्या आदेशात सूत्र असं आहे:

```
P(c) = P(s) × (1 + M/100)
```

P(c) ही कमाल किंमत, P(s) ही दुकानदाराच्या खरेदी भावाची सरासरी आणि M ची किंमत १६. कलम ७ तर स्पष्टच सांगतं की मार्जिन हे दुकानदाराच्या खरेदी भावाच्या सोळा टक्के धरलं जाईल. गणिताचा आरंभबिंदू किरकोळ किमतीवरून खरेदी भावावर सरकला आणि टक्केवारीचा पायाही त्याच्यासोबत सरकला. आकडा मात्र १६ च राहिला आणि शब्दही ‘मार्जिन’ च राहिला, जरी वागणूक मार्कअपची झाली होती. संदर्भग्रंथांत आणि लेखांत ‘दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के’ एवढंच वाक्य वाचलं तर २०१३ मध्ये काहीच बदललं नाही असं वाटतं. मला तसंच वाटलं होतं.

समजा तीन ब्रँड आहेत आणि दुकानदाराला ते ८०, १०० आणि १२० रुपयांना मिळतात. सरासरी १००, कमाल किंमत ११६. नव्या सूत्राप्रमाणे यात दुकानदाराचे १६ रुपये आहेत, म्हणजे ११६ च्या १३.८ टक्के. आता जुन्या पद्धतीने मोजा: ११६ चे सोळा टक्के होतात १८ रुपये ५६ पैसे, आणि खरेदी भाव निघतो ९७.४४. पूर्वी १२० ला माल देणारी कंपनी आता म्हणणार, आदेशाच्या हिशेबात माझे १०० धरलेत. दुकानदार म्हणणार, मला एमआरपीवर सोळा हवेत, तेव्हा ९७.४४ ला द्या. एका पत्त्यामागे २ रुपये ५६ पैशांची ही ओढाताण, आणि दोघेही ‘सोळा टक्के’ च म्हणतायत. प्रत्यक्षात कोणाला किती सुटतं हे त्यांच्यातल्या व्यवहारावर असतं. आदेशातलं कलम कमाल किंमत काढण्यापुरतं आहे.

माझं 0.9744 इथेच सापडतं. खरेदी भाव आधी 1.16 ने गुणून कमाल किंमत झाली होती. मी तिला 1.16 ने भागायला हवं होतं, पण 0.84 ने गुणलं. 1.16 गुणिले 0.84 बरोबर 0.9744. शाळेतलं सूत्र आठवा, (1+m)(1−m) = 1−m². टक्के चढवून तेवढेच टक्के उतरवले की आपण मूळ जागी येत नाही, टक्केवारीच्या वर्गाइतके खाली राहतो. m छोटं असताना हा फरक लपून राहतो, दोन टक्क्यांसाठी तो दहा हजारांत चार इतकाच. सोळासाठी तो अडीच टक्क्यांवर जातो. माझ्या आलेखात १९९५ नंतरचे आकडे बरोबर होते आणि २०१३ नंतरचे २.५६ टक्क्यांनी कमी. आदेश बदलला त्याच वर्षी ही घट लागू होत असल्याने ती धोरणाचा परिणाम म्हणून सहज खपली असती. मी तसा परिच्छेद लिहिलाही होता.

m मोठं झालं की गोंधळ लपत नाही. जून २०२१ मध्ये एनपीपीएने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरच्या व्यापारी मार्जिनला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. तोवर वितरकाच्या पातळीवर मार्जिन १९८ टक्क्यांपर्यंत जात असल्याचं सरकारी निवेदनात होतं. हा आकडा पाहताच पाया कळायला हवा: विक्री किमतीतला वाटा शंभर टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, तेव्हा हे टक्के खरेदीचेच. १०० ला घेतलेलं यंत्र २९८ ला, किमतीचा साधारण दोन तृतीयांश भाग. मर्यादेचे ७० टक्केही वितरकाच्या खरेदी भावावरच होते. ३०,००० ला आलेलं यंत्र, कर वगळून, जास्तीत जास्त ५१,००० ला. तेच ७० टक्के कोणी एमआरपीचे समजलं असतं तर ३०,००० चे १,००,००० झाले असते आणि मर्यादेला काही अर्थच उरला नसता.

तुमच्या विदेत असा रकाना असेल तर शंभरच्या वरचे आकडे आधी शोधा. एक जरी सापडला तरी तो रकाना खर्चावरचा आहे, किंवा त्यात दोन्ही पद्धती मिसळल्या आहेत. सगळे शंभरच्या आत असतील तर मात्र आकड्यांवरून काही ठरत नाही, आदेशातलं वाक्यच वाचावं लागतं: ‘किमतीच्या’ की ‘खरेदी भावाच्या’.

मी तो रकाना मोडून दोन केले. २०१३ च्या आदेशाआधीच्या ओळींना 0.84 चा गुणाकार, नंतरच्यांना 1.16 चा भागाकार. आलेखातली पायरी पूर्ण गेली नाही, ती बुटकी झाली. जी उरली ती खरी आहे का, हे आता तपासतेय.