सीलिअ‍ॅक नाही, तरी गहू बंद केल्यावर बरं का वाटतं?

गव्हाची चपाती सोडली आणि पोट फुगणं थांबलं, असं सांगणारे आता जवळपास प्रत्येक घरात भेटतात. त्यांना आलेला अनुभव खोटा नसतो. पण बरं वाटलं ते ग्लूटेन गेल्यामुळेच, असं मात्र त्यावरून ठरत नाही.

ग्लूटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. सीलिअ‍ॅक आजारात हे प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अशा माणसाला ग्लूटेन जन्मभर बंद करावं लागतं, त्यात सूट नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी हा याहून वेगळा आजार आहे. या दोन्हींपैकी काहीच नाही, तरीही गहू सोसत नाही, अशा लोकांचा प्रश्न इथे आहे.

गव्हात ग्लूटेनबरोबर फ्रुक्टान नावाचं कर्बोदकही असतं. ते आपल्या लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. ज्यांचं आतडं नाजूक आहे त्यांना मग फुगल्यासारखं होतं, कळ येते. गहू बंद केला की ग्लूटेन आणि फ्रुक्टान दोन्ही एकदमच जातात. साहजिकच श्रेय कुणाचं, हे घरच्या घरी कळत नाही.

नॉर्वेतल्या संशोधकांनी हे दोन्ही वेगळे करून पाहिले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 59 जण होते. सीलिअ‍ॅक नसतानाही ते सगळे स्वतःहून ग्लूटेन टाळत होते. त्यांना एकसारख्या दिसणाऱ्या मुसली-बार सात-सात दिवस खायला दिल्या. एका आठवड्यात बारमध्ये ग्लूटेन होतं, एका आठवड्यात फ्रुक्टान, आणि एका आठवड्यात दोन्ही नाही. कोणती बार कुठली, हे खाणाऱ्याला माहीत नव्हतं. सगळ्यात जास्त त्रास ग्लूटेनच्या आठवड्यात झाला असे 13 जण निघाले, फ्रुक्टानच्या आठवड्यात 24 जण, आणि काहीच न घातलेल्या बारच्या आठवड्यात 22 जण. म्हणजे ग्लूटेनचा त्रास साध्या बारपेक्षा जास्त नव्हता. साध्या बारनेही इतक्यांना त्रास व्हावा, यावरून 'आता पोट बिघडणार' ही धास्तीसुद्धा किती काम करते ते दिसतं.

आपल्या ताटात कसं ओळखायचं?

ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी आणि भात यांत ग्लूटेन नसतंच. पण कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टान भरपूर असतं. समजा, एखाद्याने चपाती सोडून भाकरी धरली. पण भाकरीबरोबर झुणका, कच्चा कांदा आणि लसणाची चटणी खाल्ल्यावर पोट तसंच फुगतं. अशा वेळी दोष ग्लूटेनवर टाकता येत नाही. अशांना कधी कधी कांदा-लसूण कमी केला की थोडी चपातीही सोसते. हा प्रयोग दोन-चार आठवडे, आहारतज्ज्ञाला विचारून करावा. कांदा-लसूण कायमचं तोडायची गरज बहुतेकांना पडत नाही, प्रमाण सापडलं की पुरतं.

खपली गव्हात ग्लूटेन नसतं असं सांगून कुणी तो विकत असेल, तर ते चूक आहे. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन असतं.

गहू सोडण्याआधी तपासणी

इथे मोठी चूक होते. लोक आधी गहू सोडतात, दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरकडे जातात. सीलिअ‍ॅकसाठी रक्ताची टीटीजी-आयजीए ही तपासणी करतात. ती शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. ग्लूटेन बंद असेल तर ही प्रतिपिंडं हळूहळू कमी होतात, आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग नक्की निदानासाठी पुन्हा किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू खावा लागतो. म्हणून आधी रक्त द्यावं, मग ताट बदलावं. वजन घटणं, रक्त न वाढणं, सतत जुलाब अशी लक्षणं असतील किंवा घरात कुणाला सीलिअ‍ॅक असेल, तर ही तपासणी टाळू नये.

काहीच त्रास नसेल तर?

मग ग्लूटेन सोडून फायदा होतो असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या आहाराच्या नोंदी 2017 साली तपासल्या गेल्या. कमी ग्लूटेन खाणाऱ्यांना हृदयविकार कमी झाला, असं त्यांत दिसलं नाही. 'ग्लूटेन-फ्री' बिस्किटं आणि ब्रेड बहुधा तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, साखर आणि तेल यांचे असतात. त्यांत तंतू कमी आणि किंमत जास्त. ते खाऊन वजन उतरेल ही आशा धरू नये. गहू कमी करायचाच असेल तर पाकिटाऐवजी ज्वारी, बाजरी, नाचणी घ्यावी. सीलिअ‍ॅक नसलेल्याला चपातीचा एखादा तुकडा पोटात गेला म्हणून घाबरायचंही कारण नाही.