बेअरिंगचे वंगण : ग्रीस की तेल

गोळ्या किंवा रोलर असलेल्या बहुतेक बेअरिंगना ग्रीस पुरते. ते जागेवर टिकते आणि धूळ अडवते. वेग फार असेल, उष्णता वाहून न्यायची असेल किंवा गिअरबॉक्समध्ये तेल आधीच असेल, तर तेल घ्यावे.

मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या विद्युत मोटरमधील ६३१० क्रमांकाचे बेअरिंग पाहू. चालू तापमानाला त्याला सुमारे १३ सेंटिस्टोक विष्यंदिता लागते. ग्रीसमधील तेल ४०° से.ला १०० सेंटिस्टोकचे असल्यास ७०° से.लाही ती दुपटीच्या आसपास उरते. ग्रीसचा घट्टपणा ही वेगळी बाब आहे; वंगणाचा थर तेलामुळे बनतो, घट्टपणामुळे नव्हे. येथे २ क्रमांकाचे ग्रीस चालते. उभ्या दांड्याला ३ क्रमांकाचे बरे.

पुनर्वंगणाची मात्रा ग्रॅममध्ये = ०.००५ × बाह्यव्यास × रुंदी (मिमी.). येथे ०.००५ × ११० × २७, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. तापमान ७०° से.च्या वर प्रत्येक १५ अंशांनी वाढले की पुनर्वंगणाची मुदत निम्मी धरतात. ग्रीस भरल्यावर काही तास बेअरिंग तापते, मग निवते. ते निवलेच नाही, तर ग्रीस जास्त झाले आहे. निचऱ्याचे बूच काढून मोटर चालवावी.